नाव टाकलं नाही

पत्रकारिता पदविकेचा पेपर परवावर आला होता आणि बातमीलेखनाचं प्रकरण संपता संपत नव्हतं. म्हणून आमच्या वर्गातल्या रामप्रसादने ते एका पानावर आणलं आणि सगळ्यांना पाठवलं. हा पठ्ठ्या वर्षभरापासून एका जिल्हा दैनिकाला केज तालुक्याच्या बातम्या देतो, त्यामुळे वर्गात त्याचा शब्द शेवटचा. मला त्याचा हा तोरा मुळीच आवडत नाही, पण पान मीही घेतलं. आयतं कोणाला नको असतं?

दुपारी बसस्टँडमागच्या अभ्यासिकेत आम्ही दोघं ते तपासत होतो. वर लिहिलं होतं: उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी, तपशील नंतर, पार्श्वभूमी शेवटी; जागा कमी पडली तर संपादकीय डेस्क बातमी खालून कापतं. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कधी, कुठे, का, कसं यांतलं जमेल तेवढं. पुढे आचारसंहितेच्या खुणेच्या चौकटी: माहिती कोणी दिली ते लिहिलं का, दुसरी बाजू घेतली का, आरोपीला गुन्हेगार तर म्हटलं नाही ना, पीडितेचं नाव टाकलं नाही ना. शेवटच्या ओळीपुढे लाल शाईत ‘हमखास, पाच मार्क’.

तिथे मी अडखळले. पुस्तक काढलं.

“यात ‘ओळख’ लिहिलंय रे. नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, ओळख पटेल असं काहीही नको. तू नुसतं ‘नाव’ काहून लिहिलंस?”

“थोडक्यात करायचं व्हतं ना बे,” तो म्हणाला. मला ‘बे’ म्हटलेलं खपत नाही, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडण गिळलं. तो मोबाइल काढून सकाळी पाठवलेली बातमी वाचत होता. अल्पवयीन मुलीच्या छेडछाडीची, पोक्सोखाली गुन्हा दाखल झाल्याची. त्याने ती याच पानावरून तपासली होती. ‘कुठे’समोर गाव होतं. ‘कोण’समोर नाव नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं होतं: गावातील गिरणीचालकाची नववीतील मुलगी.

ते गाव माझं होतं.

गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. गिरणीही मी बदलून सांगते आहे, धंदा दुसराच होता. पण तो करणारं घर गावात एकच.

“फोन लाव,” मी ओरडले. शेजारची पोरं वळून पाहू लागली. त्याने डेस्कला फोन लावला. उद्याच्या छापील पानातून ती ओळ काढतो, असं डेस्कवाले म्हणाले. पण बातमी वेबसाइटवर कधीच गेली होती आणि त्याने स्वतःच तिची लिंक तालुक्याच्या ग्रुपांवर टाकली होती. तो एकेक पोस्ट पुसत बसला. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू? संताप आला होता.

मी गावाकडची जीप पकडली. मागच्या बाकावर दोन माणसं मोबाइलवर तेच वाचत होती. वाईट माणसं नव्हती ती. कोडं सोडवावं तशी त्या बातमीमागे लागली होती.

“नाव कुठं हाय?”

“नाव कशाला पायजे? गिरणी एकच हाय की तिथं.”

“म्हंजी धाकटी. थोरलीचं तर लगीन झालंय.”

“ती दोन वेण्यांची? लई हुशार हाय म्हणत्यात.”

त्यांना गप्प करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोलले असते तर त्यांचा अंदाज खरा ठरला असता.

गावात उतरले तर गिरणी सुरू होती. दळणाचे डबे नेहमीसारखे रांगेत होते, पण डबेवाले पलीकडे पानटपरीवर घोळका करून एका मोबाइलमध्ये पाहत होते. तिचे वडील एकटेच पीठ चाळत होते. मला पाहून त्यांनी पट्टा बंद केला आणि जवळ आले.

“जिनत, तू पेपरचं शिकतीस ना? पोलिसांनी सांगितलंय, पोरीचं नाव कुटंच येत न्हाई म्हणून. तिला परवा शाळेत धाडायचंय, ती न्हाई म्हणतीय. मी तिला सांगितलं, कुणाला कळलंच न्हाई. बराबर हाय ना?”

आत, पोत्यांच्या मागे, दोन वेण्या दिसल्या. ती ऐकत होती.

“बरोबर आहे काका,” मी म्हणाले. “नाव टाकलेलं नाही.”