मावशीच्या चुका, इंग्रजीत

मावशीला नोकरी जवळजवळ मिळाली होती. आता हे ‘जवळजवळ’ म्हणजे काय, ते घरात प्रत्येकाने आपापल्या परीने समजून घेतलं होतं. आईच्या मते मिळालीच होती. मावशीच्या मते मुळीच मिळणार नव्हती. आणि भिंगरीच्या मते एका पत्राचा प्रश्न होता, आणि पत्र लिहायला ती स्वतः घरात हजर असताना घाबरायचं कारणच काय होतं?

भिंगरी म्हणजे मावशीची भाची, नववीतली. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून मावशीनेच तिचं हे बारसं केलेलं. यंदा इंग्रजीच्या बाईंनी तिचा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता, तेव्हापासून तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरात येणारं प्रत्येक इंग्रजी कागदपत्र, अगदी मिक्सरची वॉरंटीसुद्धा, आधी तिच्या हातून जायचं.

मावशी बरीच वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होती. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, सगळा धुण्याइस्त्रीचा कारभार तिच्या ताब्यात. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मावशी नोकरी सोडून घरी बसली. सासूबाई गेल्या, घर रिकामं झालं, मावशी भिंगरीच्या घरी राहायला आली आणि तिचे हात शिवशिवायला लागले. एका रुग्णालयाला चादरी-कपड्यांच्या लिनन विभागासाठी सुपरवायझर हवी होती. मुलाखत छान झाली. फक्त एक अट: आधीच्या मॅनेजरचं शिफारसपत्र, शुक्रवारच्या आत. ते आलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला.

आधीच्या मॅनेजर म्हणजे मॅडम. त्या आता हॉटेलच्या हेड ऑफिसात, दुसऱ्या शहरात. मावशीने धीर करून त्यांना फोनवर निरोप टाकला, तर लगेच उत्तर आलं, अगदी मायेचं. पत्र आनंदाने देईन, म्हणाल्या. पण आमच्याकडे नियम असा की माजी कर्मचाऱ्यासाठी पत्र द्यायचं तर विनंती इंग्रजीत हवी, ती कर्मचारी विभागाकडे जाते, त्यांची परवानगी आली की मग मी लिहिणार. आणि मला मात्र मराठीत लिहा, म्हणजे तुमच्याशी बोलल्यासारखं वाटेल.

“दोन भाषांत?” मावशी म्हणाली. “माझी एकीत बोंब.”

“मी आहे ना,” भिंगरी म्हणाली, आणि डायनिंग टेबलावरची बिस्किटांची बशी बाजूला सारून लॅपटॉप मांडला.

तिने आधी इंग्रजी लिहायला घेतलं. इंटरनेटवर नमुने चिक्कार. त्यातला एक तिने उचलला, त्यात मावशी बसवली आणि त्याचं मराठी केलं. मग ते मोठ्याने वाचून दाखवलं. आपण या संधीबद्दल अत्यंत उत्साहित असून आपल्या सकारात्मक अभिप्रायाची अपेक्षा करत आहोत, शुक्रवारपर्यंत पत्र प्राप्त झाल्यास कौतुक केलं जाईल, असं काहीतरी त्यात होतं.

मावशी इस्त्री उभी करून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली की हे वीज कंपनीने पाठवल्यासारखं वाटतंय, बिल भरलं नाही तर मीटर काढून नेणार असं. आणि मॅडमचं कौतुक करणारी मी कोण? आई स्वयंपाकघरातून खो खो हसली. भिंगरीचं नाक जरा लाल झालं, पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. बरं, म्हणाली, मग तूच सांग, मी लिहिते.

मग मावशीने सांगितलं. एका हाताने शर्टाची कॉलर ताणत, दुसऱ्याने इस्त्री फिरवत. आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आपली तब्येत बरी असेल. आपल्या हाताखाली मी जे शिकले ते जन्मभर पुरेल. मुलींची शिक्षणं कुठवर आली? मग रुग्णालय, मग पत्र, मग शुक्रवार, आणि शेवटी, इस्त्री उभी करून, जरा थांबून: माझ्या हातून काही चुकलंमाकलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आपली नम्र.

हे मराठी भिंगरीलाही आवडलं. वाचताना मावशीचा आवाज ऐकू येत होता. आणि मग, एकदा तोंड पोळल्यावर, तिने ठरवलं की आता स्वतःचं डोकं चालवायचंच नाही. मावशीचं जसंच्या तसं, वाक्याला वाक्य, इंग्रजीत. पदराला शब्द सापडेना, तो तिने सोडला. ‘चुकलंमाकलं’ तर फारच सोपं होतं. माझ्या हातून झालेल्या सर्व चुकांबद्दल मला कृपया क्षमा करा, असं स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजी. दोन्ही पत्रं एकाच मेलमधून रवाना झाली आणि भिंगरीने उरलेली बिस्किटं बक्षीस म्हणून संपवली.

बुधवारी शाळेतून आली तर मावशी सोफ्याच्या कडेला बसलेली. इस्त्री थंड, कपड्यांचा ढीग तसाच. फोन तिने भिंगरीच्या पुढे नुसता धरला.

कर्मचारी विभागातल्या कुणा अधिकाऱ्याचं उत्तर होतं, चारच ओळींचं. अर्जदाराने आपल्या पत्रात सेवाकाळात झालेल्या चुकांचा उल्लेख केला आहे. या चुका कोणत्या, त्यात हॉटेलच्या मालाचं काही नुकसान झालं होतं का, हे कळल्याशिवाय पत्राला परवानगी देता येणार नाही.

“मालाचं नुकसान म्हणजे गं काय?” मावशीने विचारलं. “मी चादरी पळवल्या असं म्हणतायत ते?”

भिंगरीने आपलं इंग्रजी पत्र पुन्हा वाचलं. इंग्रजीत एकही चूक नव्हती, हाच तर घोळ होता. मराठीत ते वाक्य म्हणजे निघताना दारात चपला घालता घालता म्हणतात ना, ‘येते हं’, तेवढंच. त्याचा हिशोब कुणी मागत नाही. पण त्या अधिकाऱ्याला मावशी काय, मावशीचा पदर काय, काहीच माहीत नव्हतं. त्याच्या टेबलावर एक बाई आली होती आणि आपण होऊन गुन्हा कबूल करत होती.

ती भडाभडा बोलायला लागली. माझीच चूक, मी त्यांना लिहिते की हे वाक्य तुझं नव्हतंच, भाचीने आगाऊपणा करून घातलं. मावशीने मान हलवली. वाक्य माझंच आहे, म्हणाली, तुझ्या नावावर कशाला खपवायचं? उलट विचारलंच आहे तर सांगून टाकू. एकदा लाल नॅपकिन चुकून पांढऱ्यांत गेला होता, अख्ख्या मेजवानीचे टेबलक्लॉथ गुलाबी झाले होते. आणि एकदा वेटरच्या खिशातलं पेन…

“मावशी,” भिंगरी म्हणाली, “तू ना, अजिबात काही सांगायचं नाहीस.”

आईला हसू आवरेना, आणि मग मावशीलाही. पण हसता हसता मावशीचे डोळे भरले. ती पटकन म्हणाली की जाऊ दे, पुढची बाई तरुण असेल, तिलाही गरज असेलच. हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो भिंगरीला मुळीच आवडला नाही.

तिने लॅपटॉप ओढला. आधी अधिकाऱ्याला दोन ओळी: ते वाक्य मराठी पत्राच्या शेवटी शिष्टाचार म्हणून लिहितात, ते शब्दशः भाषांतरित झालं, कोणत्याही घटनेशी त्याचा संबंध नाही, नवी विनंती सोबत जोडली आहे. मग नवी विनंती. आणि इथे गाडी अडली, कारण आता नमुन्यातलंही नको होतं आणि मराठीतलंही जसंच्या तसं नको होतं.

“तू काय काय करायचीस ते सांग,” ती म्हणाली. “नम्रपणा नको. कामं.”

मावशीला ते जड गेलं. स्वतःची टिमकी स्वतः कशी वाजवायची? मॅडमना सगळं ठाऊक आहे, त्यांनाच काय सांगायचं? मग भिंगरीने युक्ती केली. बरं, मॅडमनी डोळ्यांनी काय पाहिलंय तेवढंच सांग. हे मावशीला चाललं. मॅडमनी पाहिलं होतं की प्रत्येक मजल्याच्या चादरींच्या काठाला वेगळ्या रंगाची फीत शिवायची पद्धत तिने सुरू केली आणि तेव्हापासून कपडे हरवायचे थांबले. मॅडमनी पाहिलं होतं की नव्या मुलींना तीच शिकवायची आणि मशीन बंद पडलं तरी खोल्या वेळेवर तयार असायच्या. सांगता सांगता मावशीची पाठ ताठ होत गेली, तिच्या लक्षातही आलं नाही.

भिंगरीने ते सगळं इंग्रजीत मांडलं. सुरुवातीलाच काय हवं ते, कशासाठी, कधीपर्यंत. कुठे काम केलं, कोणत्या पदावर. आपल्याला आठवत असतील अशी ही कामं. शेवटी साधे आभार, आणि एक ओळ: आपल्याला शक्य नसेल तर तसं कळवावं, मी समजून घेईन. मुलींच्या शिक्षणाची चौकशी तिने काढून टाकली. तो अधिकारी विचारायचा, कोणत्या मुली?

मावशीला ती शेवटची ओळ मराठीतही घालावीशी वाटली. भिंगरीने विचार केला आणि नको म्हणाली. इंग्रजीत ती समोरच्याला मोकळीक देते. मराठीत मॅडमना वाटेल, ही रुसली. मराठी पत्र होतं तसंच पुन्हा सोबत गेलं, पदरासकट.

गुरुवारी संध्याकाळी परवानगी आली आणि तिच्यामागोमाग मॅडमचं पत्र, हॉटेलच्या शिक्क्यासह. त्यांनी रुग्णालयालाही परस्पर पाठवलं होतं. मावशीने दोन्ही हात पदराला पुसले, जणू मेल ओला होईल, आणि म्हणाली की वाच, पण मराठीत.

भिंगरी वाचत गेली. रंगीत फिती होत्या, नव्या मुली होत्या. शेवटच्या वाक्यापाशी ती म्हणाली, “मला संधी मिळाली, तर मी कसलाही विचार न करता यांना पुन्हा कामावर घेईन.”

मावशीच्या कपाळाला आठी पडली. “विचार न करता? मॅडम तर साबण बदलायचा तरी आठवडाभर विचार करायच्या.”

भिंगरीने वाक्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. यावेळी तिला घाई नव्हती.

“डोळे झाकून घेईन, असं म्हणतायत,” ती म्हणाली.

“हां,” मावशी म्हणाली. “असं म्हण ना मग.” आणि उठून तिने इस्त्री लावली. सोमवारी कामावर नेसून जायची साडी अजून चुरगळलेलीच होती.