पहिली चूक लॉगमध्ये होती

नव्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर तिसऱ्यांदा तोंडावर आपटला आणि पुन्हा तेच म्हणाला, ‘परवानग्या अपुऱ्या. ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा.’ प्रयोगशाळेचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताई स्वतःच ॲडमिनिस्ट्रेटर होत्या. आता भेटायचं कुणाला? सकाळपासून परवानग्या देऊन त्या मेटाकुटीला आल्या होत्या, आणि रक्त तपासणाऱ्या मावशींवर ‘तुम्हीच काहीतरी दाबलंत’ म्हणून खेकसूनही झालं होतं.

शेवटी त्यांनी इन्स्टॉलरच्या प्रत्येक पावलाची नोंद असलेली लॉग फाइल उघडली. शेवटची ओळ तेच रडगाणं गात होती, म्हणून त्या वरून वाचत आल्या. चार हजार ओळींत, इन्स्टॉलरने गाशा गुंडाळायच्या जरा आधी, पहिली चूक सापडली: ‘एच ड्राइव्ह सापडत नाही.’ म्हणजे फाइली ठेवायची जागाच गायब होती; परवानग्यांचा संबंधच नव्हता.

“तो कुणी काढला?” मावशींनी विचारलं.

ताईंनी चष्मा पुसला. “मीच. सोमवारी. अडगळ म्हणून.”