पहिल्या ओळीचे सचिव

रविवारी सकाळी बाबा चष्मा लावून खाली गेले आणि स्वतःचाच तक्ता वाचून वर आले. सोफ्यावर बसले. आईने चहा पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही.

"नमे," ते म्हणाले, "तुमचं ते एक्सेल माझं तोंड दाबतंय."

माझे वडील दत्तप्रसाद खांबेटे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, धायरीतल्या आमच्या शरदबन सोसायटीचे सचिव. दर तीन महिन्यांनी सभासदांच्या तक्रारी आणि सचिवांची उत्तरं असा तक्ता काचेच्या फळ्यात लावायची सोसायटीची पद्धत होती. बाबा तक्ता घरच्या कॉम्प्युटरवर करायचे, पेनड्राइव्ह खाली एजाजच्या झेरॉक्सच्या दुकानात द्यायचे, आणि वॉचमन ते कागद लावायचा. आपण लिहिलेलं आपणच काय वाचायचं, म्हणून स्वतः ते फळ्याकडे कधी फिरकले नव्हते.

त्या दिवशी फिरकले, कारण बी विंगचे कोंडीराम बोबडे जिन्यात भेटले आणि त्यांनी हात जोडून आभार मानले. इतकं समजुतीचं उत्तर यवतमाळला सख्ख्या भावानेही कधी दिलं नव्हतं, असं ते म्हणाले. बाबांना काही उमजेना. बोबड्यांनी तक्रार केली होती की स्कूटर लावायला जागा नाही. बाबांनी उत्तर दिलं होतं:

'आपली अडचण खरी आहे व समितीला तिची पूर्ण जाणीव आहे. आपल्याला नेमून दिलेल्या जागेत आपण गेल्या दिवाळीपासून जुना फ्रीज ठेवला आहे. त्यावर बसून कामावर जाता येत असल्यास तसे कळवावे.'

फळ्यावर फक्त पहिलं वाक्य होतं. त्याच्या खाली दुसऱ्या ओळीच्या अक्षरांच्या नुसत्या शिरोरेषा दिसत होत्या, आणि मग चौकटीची रेघ. सगळीच उत्तरं तशी. बाबांची शैली अशी की पहिल्या वाक्यात पाट मांडायचा आणि दुसऱ्यात तो काढून घ्यायचा. दोन वर्षं सोसायटी नुसत्या पाटावर बसली होती. बाबा दुसऱ्यांदाही बिनविरोध निवडून का आले, याचा उलगडा आम्हां तिघांनाही त्या सकाळी झाला.

आई तातडीने स्वयंपाकघरात गेली. ती हसायला गेली हे मला माहीत होतं. बाबांच्या समोर हसायचं नाही, हा तिचा घरातला नियम. हसलं की ते चढतात, असं तिचं म्हणणं. लहानपणी जेवताना बाबा काही बोलले आणि माझे ओठ हलले की ताटाआडून तिचा चिमटा यायचा. त्यामुळे मी ताटात बघायला शिकले आणि बाबा आम्हां दोघींना अरसिक समजून सुखात राहिले.

मी फाइल उघडली. हडपसरच्या कंपनीत मी दिवसभर असेच तक्ते बघते, त्यामुळे दुखणं लगेच सापडलं. सर्वात वर बाबांनी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची नावं शेजारी-शेजारी तीन स्तंभांत घातली होती. खाली उत्तराला ऐसपैस जागा हवी, म्हणून ते तीनही स्तंभ प्रत्येक ओळीत जोडून एकच चौकट केली होती. मजकूर चौकटीत खाली-खाली वळेल असंही सांगितलं होतं आणि तो वरून सुरू होईल असंही. सगळं नीटनेटकं. पण जोडलेल्या चौकटीतला मजकूर कितीही वाढला तरी एक्सेल ओळीची उंची आपोआप वाढवत नाही. ते न जोडलेल्या चौकटींकडे बघून उंची ठरवतं, आणि शेजारच्या चौकटीत 'बी ४' एवढंच असलं तर उंचीही तेवढीच.

"पण मला तर सगळं दिसतं," बाबा म्हणाले.

ते वरच्या पट्टीत दिसायचं. चौकटीवर क्लिक केलं की पूर्ण मजकूर पट्टीत येतो, बाबा तिथेच लिहायचे आणि तिथेच वाचायचे. खालचा तक्ता पडद्यावरही कापलेलाच होता. त्याकडे त्यांनी मान कधी खाली केली नव्हती.

मी त्यांना ओळीची कड माउसने धरून ओढायला शिकवलं. बोबड्यांची ओळ त्यांनी ओढली, उत्तर पूर्ण दिसलं, त्या आनंदात त्यांनी फ्रीजला आणखी एक वाक्य जोडलं, आणि ते नवं वाक्य परत रेघेखाली गेलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू रेघ मीच मारली होती. सगळ्या चौकटी सुट्या कराव्या लागतील, पुढच्या रविवारी करू, असं ठरलं. वार्षिक सभेसाठी याच तक्त्यात नवी उत्तरं जोडून त्यांनी तो तयार ठेवला होताच.

"घाई नाही," ते म्हणाले. "माणसं कुठे पळून जात नाहीत."

सोमवारी सकाळी स्वारगेटच्या बसमध्ये, बसल्या जागी, ते गेले.

दिवस झाल्यावर अध्यक्ष हिंदुराव पोकळे घरी आले. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच. त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं, तसं आवारातलं आंब्याचं झाडही त्यांच्याकडे असतं. वार्षिक सभेत बाबांच्या फोटोशेजारी त्यांचा शेवटचा तक्ता लावायचा आणि मी दोन शब्द बोलायचे, असं त्यांनी सांगितलं.

"तुझ्या वडलांनी कधी कुनाला वाकडं म्हणून बोललं नाय, पोरी," ते म्हणाले. "असा गरीब मानूस सोसायटीला परत मिळायचा नाय."

आई पदराशी चाळा करू लागली. मी जमिनीकडे बघत होते. हिंदुरावांना वाटलं आम्हांला भरून आलं आहे. ते हळूच उठून गेले.

रात्री जेवताना आईने विषय काढला. फाइल आहे तशीच एजाजला दे, असं तिचं म्हणणं. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलताहेत, तर बोलू दे. मी म्हटलं, ते ज्याच्याबद्दल बोलताहेत तो माणूस आपल्या घरात कधी राहत नव्हता. फोटो बाबांचा आणि शेजारी कुणातरी गरीब माणसाचा तक्ता, हे मला बघवणार नव्हतं. आई बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, हिंदुरावांना काय लिहिलंय ते आधी मला वाचून दाखव.

पाणी पुरत नाही, अशी हिंदुरावांची तक्रार होती. बाबांचं उत्तर असं सुरू होत होतं: 'अध्यक्षमहाशयांनी पाण्याबाबत दाखवलेली कळकळ सर्वांनी अनुकरण करावे अशी आहे.' पुढे ते टाकीपासून नळीपर्यंत आणि नळीपासून हिंदुरावांच्या पांढऱ्या जीपपर्यंत गेलं होतं. 'सदर जीपला दररोज आंघोळ घालण्यात येते. सी विंगमधील लहान मुलांना ती एक दिवसाआड मिळते. दोघांचा क्रम बदलून पाहिल्यास जीप तक्रार करणार नाही, असा समितीचा अंदाज आहे.' आणि हे जेमतेम निम्मं होतं.

आई पाणी प्यायला उठली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. "लाव," ती म्हणाली.

मी तीन पदाधिकाऱ्यांची नावं एकाच चौकटीत आणली, जोडलेल्या चौकटी सुट्या केल्या, उत्तरांचा पहिला स्तंभ तिन्हींच्या एवढा रुंद केला आणि उरलेले दोन रिकामे स्तंभ काढून टाकले. सगळ्या ओळी निवडून दोन ओळींमधल्या रेघेवर दोनदा क्लिक केलं. तक्ता पसरायला लागला. बोबड्यांचा फ्रीज बाहेर आला, शेवटच्या वाक्यासकट. सगळी उत्तरं पाय पसरून बसली.

फक्त हिंदुरावांचं उत्तर अजून कापलेलं होतं. ओळीच्या उंचीला एक्सेलमध्ये मर्यादा असते, चारशे नऊ पॉइंट. त्यापुढे ओळ वाढत नाही, आपोआप नाही आणि ओढूनही नाही. बाबा तिच्याही पलीकडे गेले होते. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी त्याचं प्रशस्तिपत्र मागितलं असतं. मी उत्तराचे दोन भाग करून दोन ओळींत घातले, जीपपर्यंत एक आणि जीपनंतर एक.

एजाजच्या दुकानात पहिली प्रत निघाली तर काही उत्तरांची शेवटची ओळ कागदावर अर्धी होती. पडद्यावर ती पूर्ण दिसत होती. एजाज म्हणाला, पडदा आणि प्रिंटर अक्षरं थोडी वेगळी मोजतात, कागदावर एखादा शब्द खालच्या ओळीत घसरतो. त्या ओळी हाताने जराशा वाढव, ताई. मी वाढवल्या. दुसरी प्रत हातात घेऊन तो वाचू लागला आणि स्वतःच्या नावापाशी थांबला. दुकानासमोर लोक गाड्या लावतात, ही त्याची तक्रार होती. उत्तर: 'आपल्या सहनशीलतेचे समितीला कौतुक वाटते. आपल्या मशीनच्या आवाजाबाबत पहिल्या मजल्याने तीच दोन वर्षे दाखवली आहे.'

"काका हे दर वेळी लिहायचे?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"आणि मी दर वेळी छापायचो," तो म्हणाला, आणि प्रतीचे पैसे घेतले नाहीत. मग जरा विचार करून दरवाज्याला फोम लावून घेतो म्हणाला.

सभा गच्चीवर होती. फोटोला हार, शेजारी तक्ता. लोक नेहमीसारखे आधी आपापलं नाव शोधत पुढे गेले आणि तिथेच थांबले. मला वाटलं, आईचं ऐकायला हवं होतं. एवढ्यात बोबडेकाकूंचा आवाज आला. त्या नवऱ्याला विचारत होत्या की फ्रीजवर बसून जाणार की मी भंगारवाल्याला बोलावू. एक जण हसला, त्याच्या बायकोने त्याचं उत्तर मोठ्याने वाचलं, आणि मग तो हसायचा थांबला व बाकीचे सुरू झाले.

हिंदुराव सर्वांत शेवटी पुढे गेले. ते वाचताना बोट फिरवतात. बोट पहिल्या ओळीवरून जीपपर्यंत आलं, थांबलं, दुसऱ्या चौकटीत उतरलं आणि तळाशी गेलं. माझ्या शेजारी आईने माझा हात धरला.

"जमीन माझी तर पानीबी माझंच हाय, म्हणत होतो मी," ते म्हणाले. मग फोटोकडे वळले. "खांबेटे, दोन वर्सं मला गोड बोलून तुम्ही आतून हे करत होता व्हय."

आणि ते खुर्चीत बसून पोट धरून हसले. डोळे पुसले, परत तक्त्याकडे पाहिलं, परत हसले. शेवटी मला म्हणाले, बोल पोरी, काय बोलायचं ते.

मी दोन शब्द कागदावर लिहून आणले होते. कर्तव्यनिष्ठ, मितभाषी, असं काहीतरी. तो कागद मी उघडला नाही. फोटोत बाबा नेहमीसारखे गंभीर होते, समोरच्याला पाट मांडून देताना असायचे तसे. सवयीने माझी मान खाली गेली. आईने हात सोडला, पण चिमटा काढला नाही.

मी मान वर केली.

"बाबा," मी म्हटलं, "मला हसू यायचं. दर वेळी. तुमच्यासमोर मी नुसती ताटात बघत असायचे."