सगळ्यांची किंमत बाराशे एकोणपन्नास

वीणा दातांच्या डॉक्टरकडून ऑफिसात आली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि तिचा अर्धा जबडा अजून बधिर होता. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या दोन खोल्यांच्या जाहिरात ऑफिसचा मालक शिवकुमार तिच्याच खुर्चीत बसला होता, आणि स्वारी फार खुशीत होती.

वैजयंती स्टील्स या भांड्यांच्या दुकानाच्या एकशे अठ्ठेचाळीस जाहिराती वीणानं महिनाभर खपून केल्या होत्या. सगळ्या एकाच साच्यातल्या: वर भांड्याचं नाव, मध्ये फोटो, खाली पिवळ्या पट्टीवर किंमत. सणाच्या तोंडावर दुकानानं भाव बदलले होते आणि नवी यादी सकाळीच आली होती. वीणा येईपर्यंत थांबायला शिवकुमारला धीर नव्हता. फोटोशॉपमध्ये आपण करतो ते एकेक काम नोंदवून ठेवता येतं आणि तीच नोंद ढीगभर फायलींवर आपोआप चालवता येते, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं नोंद केली, सगळ्या फायलींवर सोडली आणि खाली जाऊन कॉफी पिऊन आला. तू दोन दिवस मागितले असतेस, मी वीस मिनिटांत उरकलं, असं तो हसत म्हणाला.

वीणानं फोल्डर उघडलं. तीन लिटरचा कुकर, बाराशे एकोणपन्नास. इडलीपात्र, बाराशे एकोणपन्नास. तिनं खाली सरकत पाहिलं. चहाची गाळणी आणि पापड भाजायची जाळीसुद्धा बाराशे एकोणपन्नासलाच होती.

झालं होतं ते सरळ होतं. शिवकुमारनं नोंद सुरू करून कुकरच्या जाहिरातीत नवा आकडा टाइप केला होता. नोंदीनं तोच आकडा लक्षात ठेवला आणि पुढच्या प्रत्येक फायलीत इमानेइतबारे तोच लिहिला. यादीत डोकावून ज्याची त्याची किंमत शोधायची, हे त्या नोंदीला कोणी सांगितलंच नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर वीणानं कपाळावर हात मारला असता आणि कामाला लागली असती. पण तिनं मूळ फाईल उघडली. नाव, फोटो, पट्टी, किंमत असे सुटे थर असायचे, तिथं आता एकच सपाट चित्र होतं, त्यातली किंमत वेगळी काढून बदलता येत नव्हती. शिवकुमारनं नोंदीत शेवटी सगळे थर एकत्र केले होते आणि फायली जिथल्या तिथे सेव्ह करून बंद करायला सांगितलं होतं. एकशे अठ्ठेचाळीसच्या एकशे अठ्ठेचाळीस मूळ फायली गेल्या होत्या. ऑफिसची बॅकअपची डिस्क शेवटची जोडली होती मार्चमध्ये, हे काम येण्याच्याही आधी.

तिनं हे सांगितलं. बधिर ओठांतून अर्धे शब्द नीट फुटत नव्हते. शिवकुमारचा चेहरा उतरला, पण तेवढ्यात वैजयंतीच्या जाहिराती बघणाऱ्या महानंदाबाईंचा फोन आला. त्यानं तो घेतला आणि तिच्यासमोरच कन्नडमध्ये सांगितलं, की आमच्या डिझायनरकडून थोडी चूक झालीय, उद्या संध्याकाळपर्यंत देतो. वीणा निपाणीची. कन्नड तिला मराठीइतकंच येतं, हे काही तो विसरला नव्हता. फोन ठेवल्यावर तो इतकंच म्हणाला, की गिऱ्हाइकाला सगळं खोलात सांगत बसायचं नसतं.

शेजारच्या टेबलावर मजकूर तपासणाऱ्या अहल्याअक्का होत्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. त्या खुर्ची ओढून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "स्वल्प पाणी पी. मग काय करायचं ते मला सांग."

पुन्हा एकेक जाहिरात हातानं करायची नाही, हे वीणानं तिथंच ठरवलं. तिनं एकच रिकामी जाहिरात बांधली, टेम्पलेट. त्यात नाव, किंमत आणि फोटो या तीन जागा बदलत्या ठेवल्या. प्रत्येक भांड्याची एक ओळ अशी यादी त्याला जोडली, की एकेका ओळीतलं नाव, किंमत आणि फोटो आपापल्या जागी जाऊन बसतात. तिन्ही एकाच ओळीत असल्यानं गाळणीच्या गळ्यात कुकरची किंमत पडायची भीती नाही.

पार्श्वभूमी काढलेले फोटो तिनं स्वतःच्या सवयीनं वेगळे जपले होते. त्यातले सतरा सापडलेच नाहीत. ते पुन्हा कापण्यात दुपार गेली. कढईचे कान आणि झाऱ्याची भोकं कापताना तिच्या मनात शिवकुमारबद्दल जे जे आलं, ते सांगण्यासारखं नाही.

यादी अहल्याअक्कांनी साध्या नोटपॅडमध्ये टाइप केली. फोटोशॉपनं ती घेतलीच नाही. अर्धा तास दोघी वैतागल्या, तेव्हा कळलं की आकड्यातल्या स्वल्पविरामानं घोळ केलाय. यादीत स्वल्पविराम आला की मशीनला वाटतं पुढचा रकाना सुरू झाला, त्यामुळे एक हजार दोनशे एकोणपन्नासचे दोन तुकडे पडत होते. अक्कांनी अशा प्रत्येक आकड्याला अवतरणचिन्हं लावली. मग रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन यायला लागला, कारण अक्षरांच्या त्या फाँटमध्ये ते चिन्हच नव्हतं. वीणानं ते चिन्ह वेगळ्या फाँटमध्ये टेम्पलेटमध्येच कायमचं बसवलं आणि बदलता ठेवला फक्त आकडा.

दर तासाला शिवकुमार दारातून विचारून जायचा, की अजून किती राहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी बिनतक्रार आत गेली. वीणानं सगळ्या ओळींच्या फायली बाहेर काढल्या. आता तिनंही एक नोंद केली: थर एकत्र करा, जेपीजी करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. आकड्याला हात नाही, मूळ फायलींना धक्का नाही. ती सगळ्यांवर चालवली आणि मग अक्कांबरोबर एकेक जाहिरात यादीशी ताडून पाहिली. चूक एकही निघाली नाही. पाच वाजता जाहिराती गेल्या.

सव्वापाचला महानंदाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडूनच जुनी यादी आली होती, एकतीस भांड्यांचे भाव वेगळे होते. त्या फारच ओशाळल्या होत्या. वीणानं यादीत एकतीस आकडे बदलले, फायली पुन्हा काढल्या, नोंद चालवली. तपासण्यासकट चाळीस मिनिटांत सगळं पुन्हा गेलं.

शिवकुमार मागं उभा राहून घड्याळ बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे चाळीस मिनिटांचंच काम होतं. मग दोन दिवस कशात घालवलेस?"

वीणानं उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. टेम्पलेट, सतरा फोटो, स्वल्पविराम. पण हे त्याला सांगून काय होणार, असं वाटून ती उघड्या फायली एकेक करून बंद करू लागली. जबडा आता पुन्हा दुखायला लागला होता.

तेवढ्यात महानंदाबाईंचा पुन्हा फोन आला, या वेळी तिच्याच मोबाइलवर. इतक्या लवकर मिळालं म्हणून त्यांनी आभार मानले, आणि सहज विचारलं, की मग काल नेमकं काय बिघडलं होतं. शिवकुमार दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"मूळ फायलींवरच एकगठ्ठा बदल चालवले गेले आणि त्या पुसल्या गेल्या," वीणा कन्नडमध्ये म्हणाली. "मी तेव्हा डॉक्टरकडे होते. आल्यावर सगळं नव्यानं बांधलं."

'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून महानंदाबाईंनी फोन ठेवला. शिवकुमारनं आत जाऊन दार लावून घेतलं, जरा जोरातच.

अहल्याअक्का पर्स आवरत होत्या. त्यांनी विचारलं, आता उद्या काय होईल. वीणा म्हणाली माहीत नाही. तिनं बॅकअपची डिस्क ड्रॉवरमधून काढून जोडली, टेम्पलेट आणि यादी तिच्यावर उतरेपर्यंत गाल धरून बसून राहिली, आणि मग दुखण्याची गोळी घ्यायला पाणी आणायला उठली.