सात पॉइंट नऊ

बाबा गेले त्याच आठवड्यात माझी पाचव्या सेमिस्टरची परीक्षा सुरू झाली. पेपर सगळे दिले. काय लिहिलं ते आठवत नाही. निकालात एसजीपीए ५.९० दिसला, तोही दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पाहिला.

माझी बी.एस्सी.ची फी आणि पेणच्या हॉस्टेलचा खर्च एक ट्रस्ट देतो. पुढे एम.एस्सी.चाही देणार आहे. अट एकच: तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सीजीपीए ७.५०च्या खाली नको.

दत्तात्रेयकाकांनी रोह्याला आमच्या ओटीवर बसून मोबाइलवर हिशेब केला.

"वर्षाची सेमिस्टर दोन. साडेसात पायजे, म्हंजे दोन मिळून पंधरा. त्यातलं पाच पॉइंट नऊ झालं. राहिलं नऊ पॉइंट एक. कधी पडलंय का गो मालू तुला नऊ?"

"नाही."

"मग झालं. कंपनी तुझ्या बापाच्या जागी वारसाला घेते म्हणते. तू लॅबमधी बसशील. सोमवारी उत्तर द्यायचंय. धाटावची कंपनी काय लांब नाय."

मी बरं म्हटलं. आई आत तांदूळ निवडत होती. काकांचं गणित मी तपासलं नाही. नऊ पॉइंट एक ऐकून अंग सैल पडलं होतं. जे होणारच नाही, त्यासाठी कुणी मला पुस्तक उघडायला सांगणार नव्हतं.

शुक्रवारी दाखला काढायला पेणला गेले. रामवाडीला एसटीतून उतरून कॉलेजपर्यंत चालत आले. अर्जावर आमच्या विभागप्रमुखांची, मोकल मॅडमची सही लागते. त्यांनी अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"कॉलेज का सोडतेस?"

"शिष्यवृत्ती जाणार आहे. नऊ पॉइंट एक पडणार नाहीत."

"नऊ पॉइंट एक कुठून आलं?"

मी काकांचा हिशेब सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"हे आमच्या वेळचं झालं. तेव्हा एक वर्ष संपलं की पाटी कोरी. सीजीपीए पहिल्या सेमिस्टरपासून चालत येतो. चार सेमिस्टरचा तुझा किती होता?"

"सात पॉइंट ऐंशी."

"दर सेमिस्टरला वीस क्रेडिट. ऐंशी क्रेडिट गुणिले सात पॉइंट ऐंशी, सहाशे चोवीस. पाचव्याचे वीस गुणिले पाच पॉइंट नव्वद, एकशे अठरा. बेरीज कर."

"सातशे बेचाळीस."

"शेवटी क्रेडिट होणार एकशे वीस. साडेसातने गुणलं की नऊशे. नऊशेतून सातशे बेचाळीस गेले?"

"एकशे अठ्ठावन्न."

"भागिले वीस."

त्यांनीच सांगितलं, "सात पॉइंट नऊ. सगळ्या विषयांत ए ग्रेड, म्हणजे आठ. दोन क्रेडिटच्या एखाद्या प्रॅक्टिकलला सात चालतील. चार क्रेडिटच्या थिअरीत मात्र एकही सात नको, मग एकशे छप्पनच होतात. मालू, चार सेमिस्टर तू जवळपास एवढंच करत होतीस."

मला रडू येईल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. मी पाणी प्यायले. आता परत अभ्यासाला बसावं लागणार होतं.

अर्ज त्यांनी ठेवून घेतला.

घरी आले तेव्हा काका आलेलेच होते. मी आकडा सांगितला.

"सात पॉइंट नऊ? मग माझं चुकलं कुठं?"

"आधीची चार सेमिस्टर तुम्ही धरली नाहीत."

"ती तर झालीवती गो!" मग म्हणाले, "पण पडतीलच असं कोण सांगतो? नोकरी हातातली हाय. ती सोडून हिनं काय पुस्तकं वाचत बसायची?"

आई दारात आली. "कितीतलं सात पॉइंट नऊ?"

"दहातलं," मी म्हटलं.

"म्हंजे दोन तर त्यांनी सोडूनच दिलं." ती काकांकडे वळली. "भाऊजी, वारस म्हंजे पोरगीच का? मी कोण हाय?"

"वैनी, तुम्ही आठवी. लॅबमधी काय करणार?"

"पॅकिंगला बाया हायत. आपल्या आळीतली रंभा जाते नाय का?"

"शिफ्ट असते. रातपाळी बी देतील."

"शिफ्टचं मला सांगता? इतकी वर्सं त्यांचा डबा काय शेजारीण भरत व्हती? सोमवारी मी येते तुमच्या गाडीवर. नीट चालवा म्हंजे झालं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसं म्हणता आलं असतं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"मी उद्या हॉस्टेलवर जाते," मी म्हटलं.

"उद्या नको," आई म्हणाली. "आज जा. वाटेत निडीच्या पुढं रस्ता खोदलाय, उशीर करू नकोस."

मी बॅग भरायला आत गेले.