फोटो न्यायला कोण येईल

मोबाइलात कॅमेरा आला आणि दिग्रसच्या आमच्या फोटो स्टुडिओत माश्या मारायचे दिवस आले. "मान जरा डावीकडे" सांगण्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि आता बेचाळिशीत मी, अफरोज, समुपदेशक व्हायला निघालो होतो. बायको नुजहत म्हणाली, "घरात कोनाचं ऐकत नाही, गावाचं काय ऐकनार?"

कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळची एक संस्था गावोगाव जाऊन लोकांचं मन ऐकून घेणारी माणसं नेमत होती. त्यांना शिकवणाऱ्या इंदुताई एकदा ग्रुप फोटोसाठी माझ्याकडे आल्या होत्या. "तुले माणसाले बोलतं करता येते, अर्ज कर," असं त्याच म्हणाल्या होत्या.

मी पानभर लिहून पाठवलं. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. ताईंचा लगेच फोन आला.

"हे तर लग्नाच्या बायोडाट्यात असते, अफरोज. मले तीन ओळी पाठव. काय काम केलं, त्यातून काय शिकला, अन् ते इथं कोनाच्या कामी पडन. समितीसमोर मी तेच वाचनार."

तीन ओळी म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. पण मला जे खरोखर येत होतं, ते सांगायलाच भीती वाटत होती.

पासपोर्ट फोटोवाल्याला आठ कॉप्या हव्या असतात आणि घाई असते. त्या वर्षांत मात्र काही जण एकटेच येत, इस्त्रीचा शर्ट घालून. एकच मोठा फोटो मागत. न्यायला कधी येता विचारलं की म्हणत, "घरचं कोनी येईन." आणि मी कॅमेऱ्यातून बघायचो तेव्हा ते माझ्याकडे बघत नसत. माझ्या उजव्या खांद्यावरून मागे, आतल्या खोलीच्या पडद्याजवळ बघत. असा पहिला आला तो उकंडा. आठवड्यात त्याचा भाऊ फोटो न्यायला आला, हार घालायला हवा म्हणून. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरा रामधन. तोही नेमका तिथेच बघू लागला, तेव्हा मी घाबरून मागे वळलो. नुसता पडदा होता.

मी बटण दाबलंच नाही. "कॅमेरा बिघडला, उद्या या. पन तुम्हीच या," म्हटलं आणि चहा मागवला. तो बोलत बसला. रामधन अजून येतो आणि कॅमेरा सुधरला का म्हणून माझी थट्टा करतो.

शेवटी लिहिलं:

अनोळखी माणसाला समोर बसवून दोन मिनिटांत मोकळं करणं, हे माझं आजवरचं काम.
एकट्याचा मोठा फोटो मागून "न्यायला घरचं कोणी येईल" म्हणणारा माणूस ओळखायला आणि त्याला चहावर थांबवून बोलतं करायला शिकलो. त्यातला एक आजही चहाला येतो.
गावातला असा माणूस स्टुडिओत येणार नाही, म्हणून मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसेन.

रामधनचं नाव लिहिलं नाही, ते माझ्याजवळ विश्वासाने ठेवलेलं होतं. पडद्याचंही लिहिलं नाही. ते तर नुजहतलासुद्धा माहीत नव्हतं.

व्हॉट्सअॅपवर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग एका भर दुपारी ताई स्वतःच बसने आल्या. इस्त्रीची साडी, एकट्या.

"एक फोटो काढ. मोठा."

"न्यायले कधी येता?"

"घरचं कोनी येईन."

मी हसलो. परीक्षा घेतायत! "ताई, माझीच ओळ मले ऐकवता?"

त्याही हसल्या, जरा उशिराने. मीही नाटक पुरं करायला कॅमेऱ्याला डोळा लावला.

ताई माझ्या उजव्या खांद्यावरून मागे, पडद्याजवळ बघत होत्या.

ती ओळ मी लिहिली होती, पण बघायची ही जागा मी कुणालाच सांगितली नव्हती. ही बाई इतकी वर्षं जिल्ह्याचं दुःख ऐकत होती, आणि तिचं कोण ऐकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. स्वतःचा राग आला. मी मागे वळून पाहिलं नाही. कॅमेरा सोडला आणि उलट्या पावलांनी जाऊन त्या जागेवर उभा राहिलो. एप्रिलच्या उन्हाळ्यात तिथे विहिरीच्या तळासारखा गारवा होता. आता ताईंना माझ्याकडेच बघावं लागलं.

"हट ना तिथून," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही हटत. कॅमेरा बिघडला, ताई. चहा सांगतो."

त्यांचे डोळे भरले. "तुझी निवड झाली. तेच सांगाले आलती."

"ते नंतर सांगा. आधी तुमचं सांगा. मरायचा विचार येऊन राह्यला काय?"

त्यांनी होकाराची मान हलवली, आणि मग बोलू लागल्या. मी एकदाही जागा सोडली नाही. गारवा पाठीला लागून होता, तो हळूहळू ओसरला. संध्याकाळी त्यांना विचारून त्यांच्या बहिणीला, दिपालीला फोन लावला, डॉक्टरांची वेळ घेतली आणि यवतमाळपर्यंत बसने सोबत गेलो.

दिपाली स्टँडवर उभी होती. उतरताना मी विचारलं, "फोटो न्यायले कोन येईन, ताई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे.

"मीच येईन," त्या म्हणाल्या. "कॅमेरा तेवढा सुधरून ठेव."