खसखस वगळून

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता, की जयमाला, हे बाईमाणसाचं काम नाही. असा सल्ला ऐकला की माझा हात कामाला आणखी जोरात लागतो, त्याला मी काय करू?

बेत साधा होता. माझा धाकटा भाऊ सुभाष दुबईत एका कंपनीत हिशेब बघायचा. तिथल्या मराठी घरांना दिवाळीत फराळ आणि वर्षभर गोडा मसाला मिळत नाही, म्हणून त्याने छोटं दुकान काढायचं ठरवलं. तिथले परवाने, अरब भागीदार हे त्याचं काम, माल माझा. निर्यातीचा कोड नंबर मिळवायला मी बँकेच्या दाखल्यासकट मुंबईच्या कार्यालयात खेटे घातले. खाद्यपदार्थांचा परवाना ठाण्यातून आणला. लोणच्याला वेगळा परवाना लागतो असं कळल्यावर लोणचं सोडून दिलं. सिडकोच्या फ्लॅटमध्ये धंदा चालत नाही, म्हणून जवळच्या सारसोळे गावात गोजराच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. गोजरा कोळीण, पण मासळी सुकवायची ती पार खाडीकडे, आणि खोली तिने मला चुना लावून दिली. तिच्यासकट चार बायका कामाला बसल्या. मसाल्याचं सामान मस्जिद बंदरच्या दामजीशेठकडून यायचं.

दिवाळी तोंडावर आली होती. पहिली खेप विमानाने जायची होती. अनारशाचं पीठ मुरलेलं होतं, मसाला कुटून झाला होता. पाकिटांवर लावायची लेबलं अरबीतही हवीत म्हणून मी प्रत्येक पदार्थात काय काय आहे ते सुभाषला कळवलं. त्याच्या भागीदाराच्या कचेरीतला माणूस ते अरबीत उतरवायला बसला आणि खसखशीपाशी थांबला.

त्या संध्याकाळी शेजारच्या सुमेधाताईंकडे सुभाषचा फोन आला. खसखस म्हणजे अफूचं बी, आणि तिथे त्याला सक्त बंदी. सापडली तर दुकान बंद आणि दुकानदार तुरुंगात. मी आमचा माल मनात मोजला. अनारसे खसखशीवर थापायचे, करंजीच्या सारणात खसखस, मसाल्यातही खसखस. बाळंतिणीला खीर करून घालतो ती खसखस. तिला कोणी मादक म्हणेल असं आम्हा पाच बायकांपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

दामजीशेठना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, लेबलावर लिहूच नका. भाजून कुटलेली खसखस कोण ओळखणार? हवं तर माझ्या नावाने, माझ्या कोडवर पाठवतो, तुम्हाला ताप नको. आमच्या ह्यांनाही ते पटलं. दोघं माझ्याच घरी, माझाच चहा पीत, माझ्या मालाचं ठरवत होते.

"आणि सापडला तर?" मी विचारलं.

"तर तिथला दुकानदार अडकेल. आपल्याला इथे कोण विचारतंय?" शेठ म्हणाले.

"तिथला दुकानदार माझा भाऊ आहे. आणि नसता, तरी पाठवला नसता. चहा संपवा शेठ, तुमच्याकडून यापुढे माल नको."

आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं, मला वेळच नव्हता. कुटलेला मसाला गावात वाटून टाकला. खल, परात, चाळणी, सगळं बाहेर काढलं आणि नवं आणलं. जुन्या चाळणीच्या जाळीत अडकलेला एक दाणाही सुभाषला भोवला असता. "ताई, नवी परात कशाला, घासून देते की," गोजरा म्हणाली. मी नाही म्हटलं. करंजीत खोबरं वाढवलं, मसाल्यात तीळ. अनारसे तिळावर थापले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, याला अनारसा म्हणत नाहीत. मी म्हटलं, दुबईत म्हणतात.

सुभाषही कच खाऊ लागला होता. "ताई, खसखशीशिवाय लोक हसतील. राहू दे या वर्षी." मी त्याला सांगितलं, हसू देत, तू दुकान उघड. लेबलावर मी प्रत्येक जिन्नस लिहिला, तयार केल्याची तारीख लिहिली, आणि खाली माझं नाव आणि सारसोळ्याचा पत्ता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. तिथल्या नगरपालिकेच्या माणसाने पेट्या उघडल्या, मसाला तपासायला नेला आणि माल सोडला. निम्मी पाकिटं विकलीही गेली होती. मग सुभाष म्हणाला, "ताई, एका बाईंनी दुकानातच पाकीट फोडलं. अनारसा खाल्ला आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, आईच्या अनारशाला खसखस असायची."

 फोन परक्याच्या घरातला होता आणि सुमेधाताई समोरच बसल्या होत्या.

"त्यांना सांग, खसखशीचा अनारसा माहेरी आलात की खा," मी म्हटलं. "आणि पुढच्या खेपेला किती पाठवू, ते बोल."